उन्हाचा वाटा

शेततळं म्हणजे पाण्याची बँक, असं आमच्याकडं सगळेच म्हणतात. पुढारी म्हणतात, कागद बसवणारा म्हणतो, आणि २०१८ च्या दिवाळीपर्यंत मीही म्हणत होतो. माझं भांडण या एका वाक्याशी आहे. ज्या बँकेत टाकलेल्या शंभर रुपयांतले छत्तीस गिऱ्हाईकानं पासबुक उघडायच्या आत गायब होतात, तिच्या दारात आपण रांग लावली असती का?

आमचं गाव जालना जिल्ह्यातलं. तीनशे झाडं मोसंबीची. २०१२-१३ च्या दुष्काळात या भागातल्या मोसंबीच्या बागा कशा वाळल्या ते आम्ही पाहिलं होतं, त्यामुळं तळं घ्यायचं हे तात्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, पक्कं केलं. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल. बाजू उतरत्या, एकास एक उताराच्या, म्हणून तळ भरतो २४ बाय २४ चा. असं तळं काठोकाठ भरलं की त्यात २,१९६ घनमीटर पाणी मावतं. साध्या भाषेत २१ लाख ९६ हजार लिटर. आत प्लास्टिकचा कागद अंथरला. आमच्याकडं त्याला कागदच म्हणतात.

आता हे तळं भरायचं कशानं? मूळ कल्पना पावसाळ्यात ओघळीनं वाहून जाणारं पाणी धरण्याची. पण २०१८ ला ओघळ वाहिलीच नाही. मग आम्ही केलं ते शिवारातल्या बहुतेकांनी केलं : बोअर चालू करून तळ्यात सोडला. दोनशे लिटरचा ड्रम दीड मिनिटात भरायचा, म्हणजे तासाला आठ हजार लिटर. रोज सहा तास वीज धरली तर तळं भरायला शेहेचाळीस दिवस. ऑक्टोबरच्या मध्याला सुरू केलं आणि नोव्हेंबर सरता सरता तळं भरलं. मालकिणीनं नारळ फोडला.

तात्यांचा हिशेब साधा होता. मार्चअखेरपर्यंत बोअर बागेला पुरवील, मग बोअर उचकी देऊ लागला की एक एप्रिलपासून तळ्याचं पाणी. झाडाला रोज १०० लिटर, तीनशे झाडांना ३० हजार. २१ लाख ९६ हजाराला ३० हजारानं भागलं की ७३ दिवस. एक एप्रिलपासून ७३ दिवस मोजले तर १२ जून. तोवर मिरग लागलेला असतो. हिशेबात खोट नव्हती. वहीत अजून आहे तो.

तळ्यानं तळ दाखवला १७ मे ला.

सव्वीस दिवस कमी पडले. पाऊस आला तोही जून सरताना. त्या महिन्याभरात टँकर आणले, अर्धं पाणी दिलं, शेवटी नव्वद झाडं सोडून दिली. पंधरा वर्षांची झाडं. आई बागेकडं जायची बंद झाली.

पहिला राग कागदवाल्यावर निघाला. भोक असणार, जोड उसवला असणार. तळं कोरडंच होतं, तेव्हा तात्या आणि मी गुडघ्यावर बसून सगळे जोड तपासले. एक भोक सापडलं नाही. मग चोरीचा संशय, तोही शेजाऱ्यावर. त्यात काय काय बोललो ते इथं लिहीत नाही.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, तळं पुन्हा भरलं आणि मी मोजायला बसलो. कागदाच्या उतारावर रंगानं खुणा केल्या आणि दर आठ दिवसांनी पाणी किती खाली सरकलं ते लिहू लागलो. मार्चमध्ये आठ दिवसांत आठ सेंटिमीटर. म्हणजे रोजचे १० मिलिमीटर! ग्रामसभेत उभा राहून मी हा आकडा ठणकावून सांगितला. आमचा पुतण्या शाळेत गणित शिकवतो. तो मागून हळूच म्हणाला, "काका, तुम्ही तिरकं मोजलंय." सभा हसली. खरंच होतं ते. एकास एक उतारावर पाणी सरळ खाली एक सेंटिमीटर गेलं तर तिरप्या कागदावर ते जवळपास एक पूर्णांक चार दशांश सरकलेलं दिसतं. माझे दहा मिलिमीटर खरे सातच होते.

मग पुतण्यानंच नीट पद्धत लावून दिली. तळ्यात उभी पट्टी रोवली. वाचायची ती पहाटे, वारं पडलेलं असताना, आणि रोज न वाचता आठ दिवसांनी. एका दिवसाचे पाच-सात मिलिमीटर लाटांतच हरवतात. शिवाय तळ्यात एक मोठं घमेलं तरंगत ठेवलं, तळाला दगड घालून, आत पाणी भरून. घमेल्याला भोक नाही, त्याचं पाणी कुणी उपसत नाही. आठ दिवसांत घमेल्यातलं पाणी जितकं उतरलं तितकंच तळ्याचं उतरलं असेल, तर ते सगळं उन्हावाऱ्यानं नेलं. तळ्याचं जास्त उतरलं तरच गळतीचं बघायचं. वादळात लाट आत आली तर ते वाचन खोडून टाकायचं. घमेलं काठावर, जमिनीवर मात्र ठेवू नका. पत्रा तापतो, चहूबाजूंनी वारं लागतं, आणि आकडा फुगतो. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतलं बाष्पीभवन-पात्रही असंच जास्त दाखवतं, म्हणून त्याचा आकडा तळ्याला लावताना साधारण ०.७ नं गुणतात.

आमच्या तळ्याचे आकडे असे निघाले : डिसेंबरमध्ये रोज साडेतीन मिलिमीटर, जानेवारीत चार, फेब्रुवारीत पाच, मार्चमध्ये सात, एप्रिलमध्ये साडेआठ, मेमध्ये नऊ. घमेलंही तेवढंच सांगत होतं.

मिलिमीटर म्हटलं की माणूस बेफिकीर होतो. नखाएवढंच की! इथंच आपण फसतो. एक चौरस मीटर पाण्यावरचा एक मिलिमीटर म्हणजे बरोबर एक लिटर. लक्षात ठेवायला एवढं एकच पुरे. आमचा पृष्ठभाग भरलेला असताना ९०० चौरस मीटर. डिसेंबरच्या थंडीतसुद्धा, स्वेटर घालून आपण काठावर उभे असतो तेव्हा, रोज तीन हजार लिटरच्या वर पाणी जातं. मार्चमध्ये पातळी उतरून पृष्ठभाग साडेआठशेच्या आसपास येतो, तरी सहा हजार लिटर.

हेच आकडे मी कोरड्या पडलेल्या त्या वर्षाला लावून पाहिले. डिसेंबर ते मार्च, बागेला तळ्यातला थेंब न देता, पाणी ५९ सेंटिमीटर उतरलं असणार. पृष्ठभाग ९०० वरून ८३० झाला, सरासरी ८६५ धरा. गेले पाच लाख दहा हजार लिटर. उरले १६ लाख ८६ हजार. एप्रिलपासून बागेचे ३० हजार आणि उन्हाचे सरासरी सहा हजार, मिळून रोज ३६ हजार. भागून बघा, सत्तेचाळीस दिवस येतात. एक एप्रिलपासून सत्तेचाळिसावा दिवस १७ मे. उन्हानं नेलं एकूण सात लाख नव्वद हजार लिटर, म्हणजे शंभरात छत्तीस. ते बोअरमधून वर काढायला आम्ही साडेसोळा दिवसांची वीज जाळली होती.

हा हिशेब झाल्यावर मी त्या शेजाऱ्याच्या घरी जाऊन चहा पिऊन आलो. बोललो काही नाही. त्याला कळलं.

आता माझं म्हणणं. पावसाचं वाहतं पाणी तळ्यात धरलं तर माझी हरकत नाही. ते नाही तरी जाणारच होतं, चौसष्ट टक्के मिळाले तरी कमाई. पण जमिनीखाली, जिथं ऊन पोचत नाही, तिथं असलेलं पाणी वीज जाळून वर काढायचं, ९०० चौरस मीटरवर पसरून चार महिने उन्हात ठेवायचं, आणि त्याला साठवण म्हणायचं? आमच्या आबांनी खोदलेली विहीर वीस फूट व्यासाची. तोंड एकोणतीस चौरस मीटर. सावली आणि अडलेलं वारं बाजूला ठेवून तळ्याइतकेच सात मिलिमीटर धरले तरी रोज दोनशे लिटरच्या आसपास. आबांना मिलिमीटर ठाऊक नव्हता, पण विहिरीला त्यांनी रुंदी दिली नाही, खोली दिली.

कुणी म्हणेल, मग तळंही खोल करा. मीही मांडून पाहिलं. तेवढंच पाणी ६ मीटर खोलीत बसवायचं तर वरचं तोंड पावणेपंचवीस मीटरचं लागतं, ६१५ चौरस मीटर. खोली दुप्पट करूनही पृष्ठभाग तिसऱ्या हिश्श्यानंच घटतो, कारण उतरत्या बाजू जागा खातात. आणि आमच्याकडं चार मीटरला काळा पाषाण लागतो. वर शेडनेट ताणलं तर फरक पडतो, पण तीस मीटरचा ताण आणि वैशाखातली वावटळ. एकानं केलं होतं, त्याचं नेट बाभळीवर सापडलं.

खर्च न करता एक गोष्ट जमते : क्रम उलटा करायचा. तळं आधी वापरा, बोअर मागं ठेवा. तळ्यात असेल तेवढं डिसेंबर-जानेवारीत बागेला देऊन मोकळं व्हा. पाणी जितके दिवस उघडं, तितका उन्हाचा वाटा. पुढं वीज सापडेल तसं चार-पाच दिवसांपुरतं तळ्यात घ्या. मग पृष्ठभागही तळाइतकाच, साधारण सहाशे चौरस मीटर, तोही काहीच दिवस.

मी हे मांडलं तेव्हा तात्यांनी शांतपणे ऐकलं आणि मग म्हणाले, "आपण बोअर बंद ठेवला तर खालचं पाणी काय आपल्यासाठी थांबणारे? चहूबाजूंनी बोअर आहेत. तळ्यातलं निदान आपलं तरी."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि शिवारातल्या प्रत्येक भरलेल्या तळ्यामागं खरं कारण हेच आहे. शेजाऱ्यानं ओढू नये म्हणून आपण उन्हाला देतो. शेजाऱ्यानं ओढलं असतं तर निदान त्याची झाडं जगली असती. हे मी तात्यांना बोललो, तेव्हा दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

मागच्या मार्गशीर्षात आमच्या ओढ्याकाठच्या पाच जणांना एकत्र बसवलं. पुतण्यानं पाटीवर आकडे मांडले, सरळ मोजलेले. मार्चपर्यंत कुणी बोअरनं तळं भरायचं नाही, एवढीच बोली. चौघे हो म्हणाले, त्यात तात्या. पाचवा म्हणाला, बघू. त्याचा बोअर रात्रीचा चालतो, आवाज ऐकू येतो. तात्या अंथरुणावर उठून बसतात, ऐकतात आणि पुन्हा आडवे होतात. आमचा बोअर अजून बंद आहे.