अकाली दलाला डेऱ्याची मतं एवढी महागात का पडली?

२००७ आणि २०१२ अशी लागोपाठ दोनदा पंजाबची सत्ता मिळवणारा शिरोमणी अकाली दल २०२२ मध्ये ११७ पैकी अवघ्या ३ जागांवर आला. शंभर वर्षं जुना, गुरुद्वारांच्या आंदोलनातून जन्मलेला पक्ष. असं काय घडलं?

आधी हिशेब बघा. पंजाबात शीख साधारण ५८ टक्के, हिंदू ३८ टक्के. शिखांची सगळी मतं एकाच पक्षाला कधीच पडत नाहीत, म्हणजे नुसत्या पंथाच्या नावावर सरकार येत नाही. म्हणून १९९६ मध्ये मोगाच्या अधिवेशनात अकाली दलाने पंथाबरोबर ‘पंजाबियत’चा सूर लावला आणि शहरी हिंदू मतांसाठी भाजपशी युती केली. ही वाट बरीच वर्षं चालली. गुरुद्वारांचा कारभार बघणारी शिरोमणी समितीही पक्षाच्याच हातात होती, त्यामुळे पंथाचा शिक्का घरचाच होता.

गणित फसलं ते डेरा सच्चा सौदामुळे. माळवा भागात या डेऱ्याचे अनुयायी भरपूर, त्यात दलित मोठ्या संख्येने. पण डेराप्रमुखाने गुरू गोविंदसिंगांसारखा वेश केल्याच्या आरोपावरून अकाल तख्ताने २००७ मध्येच त्याच्यावर बहिष्कार टाकला होता. अकाल तख्त म्हणजे शिखांचं सर्वोच्च पीठ. आपल्या नांदेडचं हजूर साहिबही पाच तख्तांपैकी एक.

सप्टेंबर २०१५ मध्ये तख्ताने डेराप्रमुखाला अचानक माफी दिली. गावोगावचे शीख भडकले. तख्ताचे जथेदार नेमते शिरोमणी समिती, आणि समिती कोणाची हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तीन आठवड्यांत माफी मागे घ्यावी लागली, पण तोवर बरगाडीत गुरू ग्रंथसाहिबची पानं फाडून टाकलेली सापडली होती आणि आंदोलकांवरच्या पोलीस गोळीबारात दोघे गेले होते. सरकार अकालींचंच! २०१७ मध्ये जागा ५६ वरून १५ वर आल्या.

शेतकरी कायद्यांवरून २०२० मध्ये भाजपची साथही सोडली. तरी गेलेला शीख मतदार परतला नाही.

शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सुखबीरसिंग बादल तख्तापुढे उभे राहिले, माफीतला हात कबूल केला. गळ्यात पाटी, हातात भाला, सुवर्णमंदिराच्या दारात पहारा आणि भांडी घासणं ही शिक्षा. तिथेच त्यांच्यावर गोळी झाडली गेली, थोडक्यात वाचले. निवडणुकीत हरलेला नेता पाच वर्षांनी पुन्हा उभा राहतो. इथे तर मतदाराच्या आधी तख्ताचा निकाल लागतो.

आणि पुढे? शिक्षा देणाऱ्या जथेदारांना समितीने २०२५ मध्ये पदावरून काढलं. एप्रिलमध्ये सुखबीर पुन्हा पक्षाध्यक्ष झाले. ऑगस्टमध्ये काढलेल्या जथेदारांपैकीच एक, ग्यानी हरप्रीतसिंग, फुटलेल्या अकाली गटाचे अध्यक्ष झाले.