फोटोतला स्टेज, बिलातला स्टेज

लग्नाच्या हॉलवर गेलं की डेकोरेशनबद्दल आपले शेरे दोनच. एक 'वॉव' आणि दुसरा 'ठीक आहे'. त्यानंतर आपण थेट चाट काउंटरकडे वळतो. त्यामुळे मेहनती डेकोरेटरला शाबासकी मिळत नाही आणि बनेल डेकोरेटर सुटून जातो. म्हणून या आठवड्यात ना कॅफे, ना स्पा. या वेळी चक्क फुलवाल्याची परीक्षा!

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात घोडबंदर रोडवरच्या एका हॉलमध्ये माझ्या मामेबहिणीचं रिसेप्शन होतं. मामाने डेकोरेशनचं कोटेशन माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "तू रिव्ह्यू लिहितेस ना? मग घरचाही लिही एक." मी तो कागद पर्समध्ये टाकून दुपारी तीनलाच हॉलवर हजर. डेकोरेटरचं नाव देत नाहीये, कारण जे दिसलं ते बऱ्याच कोटेशनांमध्ये दडलेलं असतं.

कागदावरचा हिशेब असा होता: स्टेज ८० हजार, एंट्री गेट २५ हजार, पॅसेज २० हजार, फोटो कॉर्नर १५ हजार. एकूण १ लाख ४० हजार. निम्मे पैसे बुकिंगलाच दिलेले. सोबत एक मस्त फोटो जोडलेला. पांढरी हायड्रेंजिया, बेबी पिंक डच गुलाब आणि मधेच हिरवी पानं.

डिझाइन: फोटोला फूटपट्टी लावा

फोटोतल्या स्टेजची मागची भिंत फार तर सोळा फुटांची होती. आमच्या हॉलचा स्टेज अठ्ठावीस फूट. आता गंमत बघा. डिझाइन तेच, फुलंही तेवढीच, पण भिंत जवळजवळ पावणेदोन पट. मग काय होणार? फुलं मधल्या भागात दाटीवाटीने बसली आणि दोन्ही बाजूंना आर्टिफिशियल पानांची पॅनल्स उभी राहिली. फोटोतला गच्च भरलेला लुक फक्त सोफ्याच्या मागे होता.

दुसरी गोष्ट हायड्रेंजियाची. कोटेशनमध्ये बारीक अक्षरात 'हायड्रेंजिया किंवा तत्सम' असं लिहिलं होतं. हे 'तत्सम' म्हणजे प्रत्यक्षात पांढरी शेवंती निघाली. शेवंती वाईट नाही हो, उलट टिकायला ती जास्त चिवट. हायड्रेंजियाला पाणी जरा कमी पडलं की ती लगेच मान टाकते. पण हायड्रेंजियाचा एक गुच्छ चांगला ओंजळीएवढा असतो. तेवढी जागा भरायला शेवंतीची मूठभर फुलं लागतात. इथे एका गुच्छाच्या जागी दोन-तीनच फुलं खोचली होती. त्यामुळे मधून मधून हिरवा फोम डोकावत होता.

म्हणजे फूल बदललं यापेक्षा बदललेल्या फुलाची संख्या वाढवली नाही, ही खरी चूक. लांबून आणि फोटोत ते फारसं कळत नाही. पण नवरा-नवरीला भेटायला स्टेजवर चढणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला कळतं.

ताजेपणा: चिमटा काढून बघा

इथे मात्र हा माणूस पास झाला. गुलाबाचा ताजेपणा पाकळ्यांच्या रंगावरून ओळखायला जाऊ नका. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या मुळातच जाडसर आणि हिरवट-काळपट असतात. त्या बघून 'शिळं आहे' म्हणणं म्हणजे फुलावर अन्याय. देठाच्या वर, जिथून पाकळ्या सुरू होतात, तिथे हलकेच दाबून बघायचं. तिथे घट्ट लागलं तर फूल ताजं. स्पंजसारखं मऊ लागलं तर ते बरेच दिवस कोल्ड स्टोरेजमध्ये काढून आलंय. मी दहा-बारा फुलं दाबून पाहिली. सगळी घट्ट.

फोमचीही एक परीक्षा असते. ही हिरवी वीट पाण्यावर नुसती ठेवायची आणि तिला आपोआप बुडू द्यायचं. घाईघाईत हाताने दाबून बुडवली तर बाहेरून ओली दिसते, पण आत हवा अडकते आणि मधला भाग कोरडाच राहतो. त्यात खोचलेलं फूल सहा वाजता टवटवीत असतं आणि नऊ वाजता मलूल. इथली पोरं मोठ्या टबमध्ये विटा सोडून निवांत थांबत होती. एवढ्यासाठी त्यांना माझ्याकडून फुल मार्क्स.

फक्त एंट्री गेटवरच्या झेंडूच्या माळांनी घोळ केला. त्यात जागोजागी गाठी होत्या. ताजी माळ सलग ओवलेली असते. गाठी दिसल्या म्हणजे ती आधी कुठेतरी लागली होती आणि तिथून कापून आणली आहे. शिवाय एक फूल हलकं ओढलं तर पाकळ्या हातात आल्या. दुपारच्या लग्नाच्या माळा संध्याकाळी आमच्या दारात! मामीने शांतपणे सांगितलं, "दादा, एवढ्या काढा आणि नव्या लावा." दादांनी निमूट काढल्या.

वेळ: सात वाजता नाही, चार वाजता घड्याळ बघा

आमच्या हॉलवर सकाळचं लग्न आणि संध्याकाळचं रिसेप्शन असे दोन स्लॉट होते. तीनला हॉल रिकामा आणि सातला पाहुणे. म्हणजे हातात चार तास. या कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी लोखंडी फ्रेम, मग कापड आणि पॅनल्स, मग फोम आणि पानं, आणि सगळ्यात शेवटी फुलं. फुलं शेवटी, कारण लाइट्सच्या उष्णतेत ती जितकी कमी वेळ राहतील तितकी बरी. त्यामुळे डेकोरेटर वेळेत आहे की नाही हे सात वाजता बघून उपयोग नाही. चार वाजता फ्रेम उभी असेल तर काम वेळेत होतं. नसेल, तर उशीर फुलांच्याच वाट्याला येतो.

चार वाजता आमच्याकडे काय होतं? बादल्यांत गुलाब होते, पण फ्रेम नव्हती. तिचा टेम्पो कापूरबावडी ते मानपाडा या पट्ट्यात अडकला होता. तो आला चार वाजून वीस मिनिटांनी. "ट्रॅफिक होतं मॅडम," असं उत्तर मिळालं. अहो, घोडबंदर रोडवर ट्रॅफिक होतं हे सांगणं म्हणजे जुलैमध्ये पाऊस होता हे सांगणं! इथे काम घेणाऱ्याने तो वेळ धरूनच निघायला हवं. मी हॉलच्या मॅनेजरना विचारलं, तर ते म्हणाले की बरेच डेकोरेटर सकाळीच फ्रेमचं सामान पार्किंगच्या कोपऱ्यात आणून ठेवतात. फुलांची गोष्ट वेगळी, ती पहाटे दादरच्या बाजारातून येतात आणि पाण्यात उभी राहतात. पण लोखंडाला ताजं राहायची काय गरज?

शेवटची फुलं सव्वासातला लागली. तोवर पहिले पाहुणे पन्हं पीत शिडीवर चढलेल्या पोराकडे बघत उभे होते.

बिल: खरी मजा इथे

रिसेप्शनच्या चार दिवस आधी मामाला फोन आला होता, "साहेब, गुलाबाचे रेट वाढलेत." ही थाप नव्हती. व्हॅलेंटाइन्स डेसाठी मावळातले पॉलीहाउसवाले डिसेंबरातच झाडांची छाटणी करतात, म्हणजे फुलं जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला येतात. त्यातला चांगला माल परदेशात जातो आणि इथले भाव चढतात. पण हे दरवर्षी होतं. फुलांच्या धंद्यातल्या माणसाला ते नोव्हेंबरमध्ये कोटेशन देतानाही माहीत असतं. त्यामुळे भाव खरा, पण 'अचानक' हा शब्द खोटा.

रात्री हातात पडलेल्या बिलात मूळ रकमेवर तीन नव्या ओळी होत्या. गुलाबाचा फरक १२ हजार, जादा लेबर ६ हजार, टेम्पो साडेचार हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण १ लाख ९१ हजार ७५०!

मग आम्ही एकेक ओळ घेतली. टेम्पो आणि जीएसटी दोन्ही 'एक्स्ट्रा' असं कोटेशनच्या तळाशी छापलेलं होतं, आणि बिलावर जीएसटी नंबरही होता. ते देणं भागच. जादा लेबर मात्र आम्ही साफ नाकारलं. हॉल तीनला मिळणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं आणि घाई झाली ती त्यांचाच टेम्पो उशिरा आल्यामुळे.

राहिला गुलाब. कोटेशनमध्ये चाळीस बंच लिहिले होते आणि बंचचा भाव ३०० रुपये. मागितलेला फरकही प्रत्येक बंचमागे ३००. डच गुलाबाचा वीस फुलांचा बंच पुठ्ठ्यात गुंडाळून येतो. ते पुठ्ठे स्टेजमागे एका पोत्यात पडले होते. मी मोजले. तीस निघाले. म्हणजे फरक तीसच बंचांचा, ९ हजार. आणि न आणलेल्या दहा बंचांचे मूळ ३ हजार त्यातून वजा. राहिले ६ हजार. दादा पुठ्ठ्यांकडे बघून जरा हसले आणि "चालेल" म्हणाले. शेवटचा आकडा १ लाख ७७ हजार ५९० वर आला. मागितलेल्यापेक्षा १४ हजार १६० रुपयांनी कमी.

भांडण झालं नाही, आवाज चढला नाही. कारण कोटेशनमध्ये बंचचा आकडा होता. तिथे नुसतं 'फ्रेश रोझेस' लिहिलेलं असतं, तर पुठ्ठे मोजूनही उपयोग शून्य.

तेव्हा बुकिंगच्या दिवशी फोटोसोबत चार गोष्टी लिहून घ्या. स्टेजची रुंदी आणि त्यातला किती भाग खऱ्या फुलांचा. प्रत्येक फुलाचे बंच किती. फूल बदललं तर कोणतं आणि किती लावणार. आणि भाव वाढला तर जास्तीत जास्त किती रुपये, तेही कोणत्या तारखेपर्यंत कळवणार. पूर्ण पैसे आधी देऊ नका. शेवटचा हप्ता बिल तपासल्यावरच द्या.

आमचे मार्क: डिझाइन पाचपैकी अडीच, ताजेपणा चार, वेळ दोन, बिल दोन. पुन्हा बोलावू का? फुलांसाठी हो. पण फ्रेम सकाळीच पार्किंगमध्ये पोहोचली पाहिजे, ही पाचवी ओळ कोटेशनमध्ये लिहून घेतल्यावरच!