सदनाचा रस्ता

मागील महिन्यात भाच्याचा दूरध्वनी आला. "मामा, महाराष्ट्र सदनात कसं जायचं?" एवढाच प्रश्न. आमच्या दिल्लीत असे प्रश्न विचारण्याची जुनी रीत आहे, आणि "मेट्रोने जा" असे ठोकून देण्याचीही. माझ्या मते असे उत्तर चुकीच्या उत्तराहून घातक, कारण ते खरे वाटते.

तो मुंबईहून येणार होता. मुंबई राजधानी नवी दिल्ली स्थानकात पोहोचते, ऑगस्ट क्रांती राजधानी हजरत निजामुद्दीनला. नवी दिल्लीहून पिवळ्या मार्गाने एक स्थानक, म्हणजे राजीव चौक, आणि तेथून निळ्या मार्गाने दोन स्थानके, मंडी हाऊस. निजामुद्दीनहून मात्र गुलाबी मार्गाने लाजपतनगर व तेथे जांभळ्या मार्गाची गाडी धरून मंडी हाऊस. गाडी कोणती, हे न विचारता दिलेला सल्ला निम्म्या वेळा वाया जातो.

सदनेही दोन आहेत. जुने कोपर्निकस मार्गावर, तर २०१३ साली सुरू झालेले नवे कस्तुरबा गांधी मार्गावर. पण ती परस्परांजवळ असल्याने येथे चूक झाली तरी थोडी पायपीटच वाढते.

खरी अडचण वेळेची. गाडी रखडून रात्री उशिरा आली, तर मेट्रो बंद असते. म्हणून मी त्याला दोनच गोष्टी विचारल्या, गाडी कोणती आणि सामान किती. "दोन मोठ्या पेट्या आणि आई," तो उत्तरला. मग मी टॅक्सी सुचवली.