टोपणनाव घ्या, पण एकच घ्या

नांदूरघाटसारख्या गावात दुकानाच्या उधारीबद्दल खरं लिहायचं, तर नुसतं नाव झाकून भागत नाही. 'स्टँडजवळचं खताचं दुकान, दोघे भाऊ' एवढं वाचलं की गाव लगेच ओळखतं.

1933 मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं. लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं त्यात उघड मांडलं होतं, म्हणून मोठा गदारोळ झाला. खरं नाव बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. 1950 ला 'बळी' आली, तीही विभावरी शिरूरकर याच नावाने. वाचकांचा विश्वास बसला तो या एकाच नावाच्या सततच्या लेखनावर.

माझं मत सरळ आहे. नाव, जागा, नातं बदला, पण हिशोब बदलू नका. सुरुवातीलाच सांगा: 'ओळख बदलली आहे, आकडे खरे आहेत.' मग चाळीस हजारांची उधारी बुडाली असेल, तर चाळीसच लिहा. दर महिन्याला नवं नाव घेतलं, तर मागचं काहीच तुमच्या खात्यावर जमा होत नाही.

एक मर्यादा लक्षात ठेवा. टोपणनावाने पैसे घेऊ नका. यूपीआयवर पैसे टाकणाऱ्याला सहसा बँकेतलं नाव दिसतंच. आणि टोपणनावाने स्वतःच्याच मालाची तारीफ करणं, ही तर वाचकाची सरळ फसवणूक झाली.