कोड कुणी टाकला आणि गिऱ्हाईक कुणी आणलं

आज दिवाळी पाडवा. व्यापारी नव्या वह्या उघडतात, जुन्या मिटवतात. उटणं, सीरम, फेसवॉश, फेसपॅक अशी त्वचेची उत्पादनं लहान प्रमाणावर बनवून ऑनलाइन विकणारे मराठी उद्योजकही आज हिशेबाला बसतील. त्यांच्या खर्चाच्या बाजूला इन्फ्लुएन्सरला दिलेलं मानधन हा ठळक आकडा असेल आणि जमेच्या बाजूला 'या कोडवर इतक्या ऑर्डरी आल्या' असा दुसरा. हा दुसरा आकडा आजच कमाई म्हणून वहीत चढवू नये, असं आम्हाला आग्रहानं सांगायचं आहे. कोड कुणाच्या नावावर वापरला गेला हे त्यातून कळतं. गिऱ्हाईक त्या व्यक्तीमुळे आलं की नाही, हे मात्र त्यातून कळत नाही.

कोडची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतले जाहिरातकार क्लॉड हॉपकिन्स यांनी १९२३ साली 'सायंटिफिक अ‍ॅडव्हर्टायझिंग' या पुस्तकात तिचा हिरिरीनं पुरस्कार केला. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीला कापून पाठवायचं कूपन जोडायचं, प्रत्येक कूपनावर वेगळी खूण छापायची आणि परत आलेली कूपनं मोजून कोणती जाहिरात चालली ते ठरवायचं, अशी ती रीत. पण ते कूपन कागदाचं होतं. ज्याच्या हातात तो अंक, त्याच्याच हातात कूपन. आजचा कोड हा नुसता शब्द आहे. तो मैत्रिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, कूपन गोळा करणाऱ्या साइटवर चढतो, ज्यांनी रील पाहिलंच नाही त्यांच्याही हाती लागतो.

तरीही कोड लागतो, कारण इन्स्टाग्रामवर रीलखालच्या मजकुरात टाकलेली लिंक दाबता येत नाही. लिंक चालते ती स्टोरीच्या स्टिकरवर किंवा प्रोफाइलमध्ये. रील पाहणाऱ्याच्या लक्षात राहतो तो कानावर पडलेला कोड. म्हणून दोन्ही ठेवावेत: कोड बोलायला, आणि स्टोरीसाठी खूण असलेली लिंक, साधारण अशी:

```
https://example.com/serum?utm_source=instagram&utm_medium=influencer&utm_campaign=diwali&utm_content=sakhi_story1
```

आता एक उदाहरण कल्पू आणि त्याचा हिशेब शेवटपर्यंत लावू. ३० मिलिलिटरच्या सीरमची किंमत ६०० रुपये. इन्फ्लुएन्सरचं मानधन ३०,००० रुपये, तिचा कोड `SAKHI15`, त्यावर १५ टक्के सूट. म्हणजे गिऱ्हाईक ५१० रुपये भरतं. त्यातून १८ टक्के दरानं जीएसटीचे सुमारे ७८ रुपये सरकारचे. माल आणि बाटली-खोका मिळून १५०, कुरिअरचे ७०, पेमेंट गेटवेचे १२. हातात राहतात २०० रुपये. सूट न घेता ६०० भरणाऱ्या गिऱ्हाइकामागे हेच सुमारे २७६ रुपये सुटतात.

तीन आठवड्यांत कोडवर २४० ऑर्डरी आल्या. विक्री १,२२,४०० रुपये. खर्चाच्या चौपट! प्रचाराचा अहवाल बहुधा इथेच संपतो आणि पुढच्या सणासाठी मानधन वाढवून मागितलं जातं.

पहिली चाळणी परत आलेल्या पार्सलांची. आपल्याकडे 'कॅश ऑन डिलिव्हरी'चं प्रमाण मोठं, आणि कुरिअरच्या भाषेत ज्याला आरटीओ म्हणतात ती परतीची पार्सलं प्रत्येक विक्रेत्याच्या परिचयाची. दारावर माणूस आला तेव्हा घरी कुणी नव्हतं, फोन उचलला नाही, किंवा रील पाहून उत्साहात मागवलं आणि आता नको वाटतंय. २४० पैकी ३६ पार्सलं अशी परतली असं धरू. कोडच्या यादीत त्या ऑर्डरी विक्री म्हणूनच बसलेल्या असतात. प्रत्यक्षात जाण्यायेण्याचे १४० रुपये दर पार्सलामागे आपल्या खिशातून गेले, म्हणजे ५,०४० रुपये. ही पार्सलं परतायला दोन-तीन आठवडे लागतात. आजचा आकडा कच्चा आहे तो त्यामुळेही.

उरल्या २०४. त्यांचे मोबाइल नंबर मागच्या वर्षभराच्या ऑर्डरींशी ताडून पाहिले, तर ५४ जण जुनेच निघाले. जुन्या गिऱ्हाइकाला बाटली संपल्यावर पुन्हा घ्यायचीच होती. त्याला रील दिसलं, त्यानं कोड टाकला आणि ९० रुपये वाचवले. ही तपासणी स्प्रेडशीटमध्ये होते, त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. तरी ती फार कमी ठिकाणी केली जाते, याचं आम्हाला वाईट वाटतं.

तिसरी चाळणी गळतीची. वेबसाइटवर पैसे भरायच्या पानाकडे जरा नीट पाहा. पत्ता भरून झाला, रक्कम दिसतेय आणि तिच्या खाली एक रिकामी चौकट: 'कूपन कोड आहे का?' जिच्याकडे कोड नाही तिलाही तिथे थबकावंसं वाटतं. ती दुसरी टॅब उघडते, ब्रँडचं नाव आणि 'कूपन' असं शोधते, कुठल्याशा साइटवरून `SAKHI15` उचलते आणि परत येऊन टाकते. तिची खरेदी ठरलेलीच होती. सूट मात्र आपण दिली आणि श्रेय दुसऱ्याला गेलं. गळती ओळखायची खूण सोपी आहे. रीलमुळे येणाऱ्या ऑर्डरी पहिल्या दोन-चार दिवसांत उसळतात आणि मग ओसरत जातात. आठ-दहा दिवसांनी, नवी पोस्ट नसताना, त्याच कोडवर पुन्हा उसळी दिसली आणि त्या ऑर्डरी गूगल शोधातून आलेल्या दिसल्या, तर कोड बाहेर फुटला असं समजावं. आपल्या उदाहरणात अशा ४० ऑर्डरी धरू. त्या वजा करता नव्या, खऱ्या वाटणाऱ्या ऑर्डरी ११० उरतात. त्यांतून सुटले २२,००० रुपये. आणि जुने ५४ व गळतीचे ४० यांच्यातल्या निम्म्यांनी जरी पूर्ण किमतीत घेतलं असतं असं मानलं, तरी सुटीपायी साडेतीन हजारांवर पाणी सोडलं.

इथवर आलेला उद्योजक 'इन्फ्लुएन्सर म्हणजे पैसा वाया' असं म्हणून मोकळा होतो. तेही चूक आहे, कारण कोड उलट्या दिशेनंही चुकतो. रील पाहून कुणी थेट ऑनलाइन बाजारपेठेच्या अ‍ॅपवर गेलं, जिथे आपला कोड चालतच नाही. कुणी पंधरा दिवसांनी आठवून घेतलं आणि कोड विसरलं. कुणी आईला सांगितलं आणि आईनं घेतलं. हे सापडायला एकच स्वस्त मार्ग आहे: ऑर्डर झाल्यावर 'आमच्याबद्दल कुठून कळलं?' हा एक प्रश्न विचारणं. पर्यायांची क्रमवारी प्रत्येकाला बदलून दाखवावी, नाहीतर घाईतला माणूस पहिलाच पर्याय निवडतो. आपल्या उदाहरणात कोड न वापरलेल्या ४५ नव्या गिऱ्हाइकांनी त्या इन्फ्लुएन्सरचं नाव घेतलं. पूर्ण किमतीनं त्यांचे १२,४२० रुपये झाले.

आता एकत्र करू. २२,००० आणि १२,४२० मिळवले, परतीच्या पार्सलांचे ५,०४० आणि सुटीचे साडेतीन हजार वजा केले, तर सुमारे २६,००० उरतात. समोर खर्च ३०,००० चा. चौपट दिसणारा व्यवहार किंचित तोट्यात आहे.

आणि या २६,००० मध्येही दिवाळी मिसळलेली आहे. अभ्यंगस्नानाच्या आधीचे आठवडे हे त्वचेच्या उत्पादनांचे सुगीचे दिवस. त्या ११० जणांतले काही रील नसतं तरी आलेच असते. हा प्रश्न किती खोल आहे ते ईबे कंपनीनं दाखवलं. २०१२ साली तिनं काही शोधयंत्रांवर स्वतःच्याच नावाच्या शोधावर येणाऱ्या जाहिराती बंद करून पाहिल्या. जाहिरातीवरून येणारे जवळपास सगळे लोक फुकटच्या शोध निकालांवरून तसेच येत राहिले. ब्लेक, नॉस्को आणि टाडेलिस या अर्थतज्ज्ञांनी २०१५ मध्ये 'इकॉनोमेट्रिका'त त्याची मांडणी केली. जाहिरातीवर झालेले क्लिक खरे होते, फक्त ते जाहिरातीमुळे घडलेले नव्हते.

लहान ब्रँडला अशी परीक्षा घेता येते. इन्फ्लुएन्सरचं रील ब्रँडनं पैसे भरून पुढे ढकललं, तर ते कोणत्या शहरांत दाखवायचं हे निवडता येतं. समजा ते नाशिकमध्ये दाखवलं आणि नागपूरमध्ये नाही. आधीच्या तीन आठवड्यांत नाशिकहून ४० ऑर्डरी होत्या, नागपूरहून ५०. दिवाळीच्या तीन आठवड्यांत नागपूर ८० वर गेलं, म्हणजे रीलच्या जोराविना ६० टक्के वाढ. त्याच हिशेबानं नाशिक ६४ वर जायला हवं होतं, ते ७६ वर गेलं. म्हणजे जादा १२. पण नाशिकमध्ये कोड वापरलेल्या ऑर्डरी ३० होत्या. उरलेले १८ जण तसेही येणारच होते.

इथे एक सावधगिरी हवी. ६४ च्या आसपासच्या आकड्यात सात-आठ ऑर्डरींचा चढउतार निव्वळ योगायोगानंही होतो, त्यामुळे १२ या फरकावर शपथ घेता येणार नाही. नाशिकबरोबर कोल्हापूर आणि सोलापूर, नागपूरबरोबर अमरावती आणि अकोला असे गट केले की आकडे मोठे होतात आणि निर्वाळा जास्त विश्वासाचा होतो. शिवाय इन्फ्लुएन्सरचे स्वतःचे अनुयायी नागपुरातही असतातच, म्हणून ही परीक्षा पैसे भरून मिळवलेल्या पोहोचीचीच असते. मूळ रीलचा परिणाम पाहायचा तर दोन इन्फ्लुएन्सरची रील एकाच दिवशी न टाकता दहा दिवसांच्या अंतरानं टाकावीत, आणि तीही सण नसलेल्या महिन्यात.

कोड ठेवतानाची पथ्यं थोडीच आहेत, पण ती पहिल्या दिवसापासून पाळावी लागतात. प्रत्येकीला वेगळा कोड, पण सूट सगळ्यांना सारखीच. एकीला १० आणि दुसरीला २० टक्के दिले, तर तुलना माणसांची न होता सुटीची होते. एका गिऱ्हाइकाला एकदाच, आणि शक्यतो फक्त पहिल्या ऑर्डरीला. मुदत १० दिवसांची, म्हणजे फुटलेला कोड फार काळ चालत नाही. 'जाहिरात' किंवा 'भागीदारी' हा उल्लेख पोस्टवर ठळक असलाच पाहिजे. जाहिरात मानक परिषदेची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वं तसं सांगतात, आणि चेहऱ्याला लावायच्या वस्तूबाबत तर ते गिऱ्हाइकाचं देणंच आहे.

मग त्या इन्फ्लुएन्सरला पुन्हा काम द्यायचं का? आमच्या मते हा निर्णय आज घ्यायचा नाही. ३० मिलिलिटरची बाटली साधारण दोन महिने पुरते. त्यामुळे त्या १५५ नव्या गिऱ्हाइकांपैकी कितीजण संक्रांतीनंतर स्वतःहून, कोडशिवाय, दुसरी बाटली मागवतात हे पाहावं. त्यांतल्या ३० जणांनी जरी पूर्ण किमतीत पुन्हा घेतली, तरी ८,००० रुपयांवर सुटतात आणि तोटा भरून निघतो. कोडवरून आलेली मंडळी इतर नव्या गिऱ्हाइकांइतकीच परतत असतील, तर त्या इन्फ्लुएन्सरचा प्रेक्षक आपला आहे. सूट संपल्यावर ती दिसेनाशी झाली, तर तो सुटीचा प्रेक्षक होता. पुढचा करार करताना मानधनाचा ठरावीक भाग कमी ठेवावा, आणि उरलेला भाग पार्सल दारात पोचलेल्या, पहिल्यांदाच आलेल्या गिऱ्हाइकामागे, तीस दिवसांनी द्यावा. कोडवरच्या ऑर्डरींची, परतींची आणि जुन्या-नव्याची यादी गिऱ्हाइकांची नावं-नंबर वगळून तिलाही दाखवावी. तिनं मेहनत करून गिऱ्हाईक आणलं असेल आणि श्रेय कूपन साइटला जात असेल, तर ते कळण्याचा तिलाही तितकाच हक्क आहे.