विद्याविचार : आठ म्हणजे ऐंशी नव्हे



निकालांचा हंगाम सरला की समाजात गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराची आणि शिष्यवृत्त्यांची लगबग सुरू होते. एके काळी हे काम सोपे होते. सर्वांच्या गुणपत्रिकेवर टक्के असत आणि ते उतरत्या क्रमाने लावले की यादी तयार होई. आज विश्वस्तांच्या टेबलावर येणाऱ्या अर्जांत कुणाच्या गुणपत्रिकेवर टक्के असतात, कुणाच्या ‘ओ’, ‘ए प्लस’ अशा श्रेणी, तर कुणाच्या केवळ ‘सीजीपीए ८.१’ एवढाच आकडा असतो. या तिन्हींना एका मापावर आणल्याशिवाय निवड होऊ शकत नाही, आणि माप चुकले तर ज्याच्या शिक्षणासाठी ती रक्कम ठेवली, त्याच्याच हातून ती निसटते. म्हणून या महिन्यात या रूपांतराचा थोडा बारकाईने विचार करू.

एक उदाहरण घेऊ. पदवीच्या अंतिम वर्षासाठी एकच शिष्यवृत्ती आहे आणि दोन अर्ज उरले आहेत. पहिली विद्यार्थिनी वाणिज्य शाखेची, तिला ७४.२ टक्के आहेत. दुसरा विद्यार्थी अभियांत्रिकीचा; त्याचा सीजीपीए दहापैकी ८.१ आहे. एका सदस्याने ८.१ ला दहाने गुणले आणि ८१ टक्के धरले. दुसऱ्याने ९.५ ने गुणले, तेव्हा ७६.९५ आले. तिसऱ्याने ८.१ मधून ०.७५ वजा करून उरलेल्यास दहाने गुणले, तर उत्तर ७३.५ आले. पहिल्या दोन रीतींनी शिष्यवृत्ती विद्यार्थ्याला मिळते, तिसरीने विद्यार्थिनीला. दोघांच्याही अभ्यासात तसूभर फरक पडलेला नाही. निकाल केवळ सूत्राने फिरवला.

ही सूत्रे आली कोठून, हे पाहिले तर त्यांची मर्यादा आपोआप कळते. ९.५ हा गुणक केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचा, म्हणजे सीबीएसईचा. मंडळाने दहावीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले, तेव्हा ९१ ते १०० गुणांना ‘ए वन’ श्रेणी आणि १० श्रेणीगुण दिले. त्या पट्ट्यातील विद्यार्थ्यांचे आधीच्या वर्षांतील सरासरी गुण ९५ च्या आसपास होते. ९५ भागिले १० म्हणजे ९.५, एवढाच त्या आकड्याचा उगम. ती पद्धत दहावीपुरती होती आणि २०१८ पासून सर्वांसाठी पुन्हा बोर्डाची परीक्षा आल्यावर ती मागे पडली. तरीही तो गुणक आज पदवीच्या निकालांना सर्रास लावला जातो. ०.७५ वजा करण्याचे सूत्र अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कोष्टकातले आहे, त्यात ६.२५ ला ५५ टक्के, ६.७५ ला ६० टक्के, ७.२५ ला ६५ टक्के असे समीकरण दिले आहे. ते तंत्रशिक्षणासाठी आहे. दहाने गुणण्याला मात्र असा सार्वत्रिक आधार नाही. बहुधा ‘दहापैकी’ हा शब्द ऐकून मनाने काढलेला तो निष्कर्ष असतो.

तो का चुकतो, हे श्रेणीगुण कसे तयार होतात यावरून समजते. श्रेणीगुण हे गुणांचे दशांश नसून पट्ट्यांचे क्रमांक आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा गुणांच्या श्रेणीपद्धतीत ‘ओ’ला १०, ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८, ‘बी प्लस’ला ७ असे अंक आहेत. पण कोणत्या श्रेणीसाठी किती गुण लागतात, हे कोष्टक सर्व विद्यापीठांचे सारखे नसते. एका प्रचलित कोष्टकात ८० आणि त्यापुढे ‘ओ’, ७० ते ८० ला ‘ए प्लस’ आणि ६० ते ७० ला ‘ए’ मिळते. दुसऱ्या एखाद्या ठिकाणी ‘ओ’ ९० पासून सुरू होते आणि ‘ए’ ७० ते ८० मध्ये येते. म्हणजे ‘आठ’ हा अंक एका ठिकाणी साठीतला आणि दुसऱ्या ठिकाणी सत्तरीतला आहे. पहिल्या कोष्टकात प्रत्येक विषयात ६२ गुण मिळवणाऱ्याचा सीजीपीए ८ येतो. त्याला दहाने गुणून ८० टक्के म्हणणे म्हणजे न मिळालेले १८ टक्के त्याच्या पदरात घालणे होय.

पट्ट्यांमुळे आणखी एक गोष्ट घडते, जी पाहून अनेकांना आश्चर्य वाटते. पहिलेच कोष्टक घेऊ आणि चारही विषयांचे श्रेयांक समान मानू. एका विद्यार्थ्याला ८०, ६०, ६० आणि ६० गुण आहेत. त्याचे श्रेणीगुण १०, ८, ८, ८, सरासरी ८.५. दुसऱ्याला चारही विषयांत ६९ आहेत. त्याचे श्रेणीगुण ८, ८, ८, ८, सरासरी ८. आता गुणांची सरासरी पाहा: पहिल्याची ६५, दुसऱ्याची ६९. गुणांनी जो पुढे, तोच श्रेणीगुणांनी मागे पडला. पट्ट्याच्या खालच्या काठावर पाय टेकणाऱ्याला पूर्ण लाभ मिळतो आणि वरच्या काठाला एक गुणाने न पोचणाऱ्याला काहीच मिळत नाही. ही माहिती एकदा पुसली गेली की कोणतेही सूत्र ती परत आणू शकत नाही. म्हणूनच पहिला नियम असा की मूळ गुण उपलब्ध असतील तर रूपांतर करूच नये. पुष्कळ विद्यापीठांच्या सत्रनिहाय गुणपत्रिकेवर श्रेणीसोबत गुणही छापलेले असतात. अर्जासोबत अंतिम प्रमाणपत्राऐवजी त्या सर्व पत्रिका मागाव्यात. गुण नसतील तर विद्यापीठाचे स्वतःचे रूपांतर-कोष्टक पाहावे. ते बहुधा गुणपत्रिकेच्या मागील बाजूस असते किंवा परीक्षा विभाग तसे प्रमाणपत्र देतो.

दहावीच्या अर्जांत श्रेणीगुणांचा प्रश्न कमी येतो, पण तेथे निराळे दोन सापळे आहेत. पहिला अक्षरांचा. सीबीएसईच्या आजच्या गुणपत्रिकेवरील ‘ए वन’ पूर्वीसारखा ९१ गुणांना बांधलेला नाही. त्या विषयात उत्तीर्ण झालेल्यांची क्रमवारी लावून वरच्या एक अष्टमांश विद्यार्थ्यांना तो मिळतो. त्यामुळे ‘ए वन’ची सीमा विषयागणिक बदलते, आणि ते अक्षर पाहून गुणांचा अंदाज बांधणे व्यर्थ ठरते. सुदैवाने त्याच पत्रिकेवर गुणही असतात, तेच घ्यावेत. दुसरा सापळा विषयांच्या संख्येचा. महाराष्ट्र राज्य मंडळाने २०१० पासून सहांपैकी सर्वोत्तम पाच विषयांवर टक्केवारी काढण्याची पद्धत आणली. ९२, ९०, ८८, ८६, ८४ आणि ५८ असे गुण असलेल्या मुलीचे सहा विषयांवर ८३ टक्के होतात, तर पाच विषयांवर ८८. दोन मंडळांची मुले एका यादीत बसवायची असतील तर छापील टक्केवारी उतरवून न घेता सर्वांची बेरीज तितक्याच विषयांवर समितीने स्वतः करावी, आणि कला-क्रीडेचे वाढीव गुण वेगळे काढून ठेवावेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वाणिज्य आणि अभियांत्रिकी यांचे गुण एकाच जातीचे करून घेतले, तरी ते तुलनेस योग्य होतात का? तपासण्याची रीत, प्रश्नपत्रिकांचा कस, अंतर्गत गुणांचे प्रमाण हे सारे भिन्न असते. येथे अधिक न्याय्य माप म्हणजे आपापल्या वर्गातील स्थान. वर्गातील किती टक्के विद्यार्थी या उमेदवाराच्या मागे आहेत, हे सांगणाऱ्या आकड्याला शततमक किंवा पर्सेंटाइल म्हणतात. रीत सोपी आहे: मागे असलेल्यांच्या संख्येत बरोबरीच्यांची निम्मी संख्या, स्वतःला धरून, मिळवावी आणि एकूण संख्येने भागून शंभराने गुणावे. समजा आपली विद्यार्थिनी २०० जणांच्या वर्गात विसावी आहे. तिच्या मागे १८०, म्हणून १८०.५ भागिले २००, उत्तर ९०.२५. विद्यार्थी १२० जणांत अठरावा आहे. त्याच्या मागे १०२, म्हणून १०२.५ भागिले १२०. उत्तर सुमारे ८५.४. या मापाने विद्यार्थिनी स्पष्टपणे पुढे आहे. मात्र हे आकडे टक्के नाहीत. ‘तिला ९० टक्के मिळाले’ असे सत्काराच्या व्यासपीठावरून जाहीर होऊ नये.

या मापालाही सीमा आहेत. कठीण प्रवेशपरीक्षेतून निवडलेल्यांच्या वर्गात शंभरातला तिसावा हा खुल्या प्रवेशाच्या वर्गातल्या दहाव्यापेक्षा कमी ठरवता येत नाही. बारा जणांच्या वर्गात एका स्थानाचा फरक आठ पर्सेंटाइलांहून अधिक होतो, तेव्हा लहान वर्गात या आकड्यावर भार टाकू नये. म्हणून समितीने आधी गट पाडावेत: दहावी, बारावी, सामान्य पदवी, व्यावसायिक पदवी. तुलना गटाच्या आत करावी. उदाहरणातील दोघे एका यादीत आले ते शिष्यवृत्ती एकच होती म्हणून. रक्कम विभागता येत असेल तर विभागणे श्रेयस्कर. आणि दोन उमेदवारांतील अंतर दोन-तीन पर्सेंटाइलांहून कमी असेल तर दोघांना समान मानून घरची आर्थिक स्थिती पाहावी, कारण इतका फरक मापाच्या खरबरीतपणातच सामावतो.

वापरलेले सूत्र बरोबर आहे की नाही, याची कसोटीही घेता येते. त्याच विद्यापीठाच्या अशा एखाद्या मागील विद्यार्थ्याची पत्रिका घ्यावी, जिच्यावर गुण व श्रेणी दोन्ही आहेत. सूत्राने काढलेले टक्के आणि प्रत्यक्ष टक्के यांत पाच-सहांचे अंतर पडले तर ते सूत्र तेथे लागू नाही. तसेच तयार यादीतील पहिली सर्व नावे एकाच विद्यापीठाची निघाली, तर गुणवत्तेचे कौतुक करण्याआधी सूत्राची तपासणी करावी.

आपल्या परंपरेत प्रत्येक विधान कोणत्या अपेक्षेने केले आहे, हे विचारण्याची शिकवण आहे. सीजीपीए ८.१ हे विधानही एका कोष्टकाच्या अपेक्षेने सत्य आहे. ते कोष्टक बाजूला ठेवले की आकडा उरतो, अर्थ उरत नाही. यंदाच्या अर्जाच्या नमुन्यात म्हणून तीन ओळी वाढवाव्यात: सर्व सत्रांचे मूळ गुण, विद्यापीठाचे रूपांतर-कोष्टक, आणि वर्गातील स्थान व वर्गाची एकूण संख्या. निवड कोणत्या रीतीने होणार, हे अर्ज मागवतानाच छापावे. नावे समोर आल्यावर सूत्र ठरवू लागलो, तर नकळत सूत्रच उमेदवार निवडते.