नंबर दोन, कामेही दोन

आमची भाची यंदा एम.एस्सी.साठी मँचेस्टरला गेली. जाण्याआधी महिनाभर घरात एकच वाद चालला होता. दूल्हाभाई म्हणत, "रोमिंग पॅक टाकत राहू, नंबर बदलायची कटकट नको." आपांना ट्रॅव्हल एजंटने विमानात बसण्यापूर्वीच मिळणारे ट्रॅव्हल सिम सुचवले होते. शेवटी निवाडा आमच्याकडे आला.

आम्ही दोघांनाही एकच विचारले, "मोबाइलकडून तिला तिथे नेमके काय हवे आहे?" उत्तरे दोन निघाली. इथल्या बँकेचे ओटीपी येत राहिले पाहिजेत आणि तिथल्या लोकांना तिच्याशी बोलता आले पाहिजे. ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांना दोन वेगळे नंबर लागतात.

तिथले काम आधी पाहू. घरमालक, बँक, दवाखाना, अर्धवेळ नोकरी, सगळीकडे ब्रिटनचा, म्हणजे +44 ने सुरू होणारा नंबर मागतात. भारतीय नंबरावर फोन लावायला तिथला माणूस कचरतो. रोमिंग पॅक कितीही मोठा घेतला तरी ही अडचण सुटत नाही, शिवाय महिन्याचा खर्च स्थानिक सिमच्या दोन-तीन पट होतो. इथून विकली जाणारी बरीच ट्रॅव्हल ई-सिम तर फक्त इंटरनेट देतात, त्यांना फोन नंबरच नसतो. म्हणून घेताना "यावर कॉल आणि एसएमएस येतात का, आणि मुदत संपल्यावर तोच नंबर पुढे चालतो का?" हे दोन प्रश्न विचारावेत. ब्रिटनमध्ये प्रीपेड सिमसाठी ओळखपत्र लागत नाही. सुपरमार्केटमध्येही ते मिळते, आणि साधारण दहा पौंडांत महिन्याचे कॉल व पुरेसे इंटरनेट होते. जर्मनीत मात्र ओळख पटवावी लागते, तिकडे जाणाऱ्यांनी पासपोर्ट हाताशी ठेवावा.

आता इथला नंबर. आमच्या शेजारच्या एका मुलाने तिकडे पोहोचताच भारतीय सिम काढून ठेवले. रिचार्ज संपला, नंबर बंद झाला. पुढे फीचा हप्ता इथल्या खात्यातून भरायची वेळ आली तेव्हा ओटीपी त्या बंद नंबरावर जात होता. बँक म्हणाली, नंबर बदलायला खातेदाराने शाखेत यावे. अखेर चुलत्यांनी उसने पैसे पाठवले, तेव्हा कुठे हप्ता वेळेत गेला.

हे टाळण्यासाठी महागडा पॅक लागत नाही. सिममध्ये आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू असावे आणि साधा रिचार्ज जिवंत असावा. परदेशात येणाऱ्या एसएमएसला बहुतेक कंपन्या पैसे घेत नाहीत, तरी आपल्या कंपनीकडून खात्री करून घ्यावी. ट्रायच्या आदेशानंतर 2025 पासून इंटरनेट नसलेले, फक्त कॉल-एसएमएसचे वर्षभराचे रिचार्जही मिळतात. भाचीच्या नंबराला तसलाच टाकला. पॅक नसताना परदेशात आलेला फोन उचलला तर मात्र पैसे कापले जातात, म्हणून घरच्यांनी व्हॉट्सॲपवरच बोलायचे ठरले. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरावर चालू राहते.

मग भाचीचा दोन सिमचा मोबाइल समोर ठेवला. भारतीय सिमचे Data Roaming बंद केले. आयफोन असेल तर Allow Cellular Data Switching हेही बंद करावे, नाहीतर स्थानिक सिमची रेंज गेली की मोबाइल गुपचूप भारतीय सिमचे इंटरनेट वापरू शकतो आणि तेव्हाच बिल चढते.

भाचीला जाण्याच्या आदल्या दिवशी सिमचे ई-सिम करून घ्यायचे होते. आम्ही थांबवले. सिम बदलले की सुरक्षेसाठी 24 तास त्यावर एसएमएस बंद राहतात. नेमके त्याच दिवशी फॉरेक्स कार्डात पैसे भरायचे असतील तर ओटीपी येणारच नाही. हे काम पंधरवडाभर आधी उरकले. यूपीआयसुद्धा नव्या मोबाइलवर इथेच सुरू करून घेतले, कारण त्या वेळी मोबाइल स्वतः एक एसएमएस पाठवतो, आणि परदेशातून तो पैसे कापून जातो किंवा अडकतो.

एक गोष्ट उरली. सिम हरवले तर? दुसरे सिम घ्यायला ज्याच्या नावावर नंबर आहे त्याची ओळख पटवावी लागते. भाचीचा नंबर दूल्हाभाईंच्या नावावर होता. ती तो स्वतःच्या नावावर करून घेणार होती, आम्ही म्हटले, राहू द्या. हरवले तर वडील इथल्या दुकानात जाऊन नवे सिम काढू शकतील.

वादाचा शेवट असा झाला, की दूल्हाभाईंनी फक्त एका दिवसाचा रोमिंग पॅक घेतला, विमानतळ ते वसतिगृह एवढ्यापुरता. दुसऱ्या दिवशी आपांच्या मोबाइलवर +44 ने सुरू होणाऱ्या नंबरावरून संदेश आला, "अम्मी, हा माझा इथला नंबर. जुना तसाच चालू आहे."